एकमेकींसाठी चार ओळी

कंपनीत तिला सगळे कंट्रोलताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं. फोन उचलला की ती "कंट्रोलमधून बोलतेय" एवढंच म्हणायची, तेवढ्यावर ड्रायव्हर मंडळींनी तिचं बारसं करून टाकलं होतं.

कंपनी थंड माल वाहून नेणारी होती. औषधं, लसी, गोठवलेलं सामान, असलं सगळं. कुठली गाडी कुठल्या गोदामाच्या दाराशी कधी लागेल, कुठला ड्रायव्हर फार वेळ चाकावर बसलाय, कुठल्या गाडीतला थंडावा उतरतोय, आणि उशीर झाला तर तो गिऱ्हाइकाला कुठल्या शब्दांत सांगायचा, हे तिचं डिस्पॅचचं काम. समोर दोन स्क्रीन, कानाला रुतणारा हेडसेट, आणि एक हात मोडलेली खुर्ची. तो हात कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळून बसवला होता. काचेपलीकडे गाड्यांचं मैदान. तीन वर्षं ती त्या खुर्चीत बसली आणि तिला ते काम आवडायचं, हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आवडतं म्हटलं की जास्तीचं काम गळ्यात पडतं, एवढं व्यवहारज्ञान तिच्याकडे होतं.

मग कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. कँटीनमध्ये सगळ्यांना उभं करून एका सूटवाल्याने भिंतीवर चित्रं दाखवली. आता सगळ्या शाखांच्या गाड्या कधी आणि कुठे सोडायच्या ते एकाच ठिकाणाहून ठरणार होतं, आणि ते ठिकाण फार लांबच्या शहरात होतं. सूटवाला दर दोन वाक्यांनी 'संधी' म्हणत होता. कंट्रोलताईच्या शेजारी उभा असलेला गोदामवाला पुटपुटला, "संधी म्हणजे आपण गेलो." तिमाही संपेपर्यंत तिची नोकरी होती. त्यानंतर नव्हती.

ती घरी आली, चपला काढल्या आणि तशीच स्टुलावर बसून राहिली. नवरा बस डेपोत मेकॅनिक. पाठीची चकती सरकल्यापासून त्याला हलकं काम दिलं होतं, आणि हलक्या कामाने त्याचा स्वभाव जड झाला होता. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

"किती जण?" नवऱ्याने विचारलं.

"डिस्पॅचचे सगळे."

त्याने उठून चहाचं आधण ठेवलं, म्हणजे त्याला बरंच काही बोलायचं होतं.

नंतरचे दिवस अर्ज भरण्यात गेले. दिवसभर गाड्या सोडायच्या, घरी येऊन जेवायचं आणि लेकीच्या लॅपटॉपवर तीच ती माहिती नव्या नव्या रकान्यांत भरायची. समोरून उत्तर म्हणजे 'आपला अर्ज मिळाला' एवढंच, आणि तेही यंत्राने धाडलेलं. आपण कुठल्यातरी विहिरीत दगड टाकतोय आणि पाण्याचा आवाजसुद्धा येत नाही, असं तिला वाटायला लागलं.

कंपनीने जाणाऱ्या लोकांसाठी एक मार्गदर्शक ठेवला होता. तरुण पोरगा, पण कामाचा होता. त्याने नोकरदार लोकांच्या साइटवरचं तिचं प्रोफाइल उघडलं आणि खाली खाली सरकवत नेलं.

"ताई, इथे तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणाचा शब्दच नाही. सगळं तुम्हीच सांगताय."

"मग दुसरं कोण सांगणार?"

"तुमचे साहेब?"

साहेबांना तिने आधीच विचारून पाहिलं होतं. साहेब खाली बघत म्हणाले होते, "वरून सक्त सूचना आहे. लेखी काही द्यायचं नाही. हुद्दा आणि तारखा, बस." माणूस वाईट नव्हता. त्याचीही खुर्ची हलत होती.

पोरगा विचारात पडला. "ही नोकरी तुम्हाला कशी लागली?"

"एका प्लेसमेंट एजन्सीतल्या कन्सल्टंटबाईंनी लावली."

"मग त्यांना मागा. त्यांनी तुम्हाला दहा उमेदवारांच्या शेजारी ठेवून पाहिलंय, त्यांच्या शब्दाला वजन असतं. फक्त लहान मागा, दोन-चार ओळी. आणि बदल्यात तुम्हीही त्यांच्याबद्दल लिहिते म्हणा. त्यांनाही लागतात अशा शिफारशी, पण देतं कोण."

इथेच तिचं घोडं अडलं. नोकरी लागल्यानंतर कन्सल्टंटबाईंनी दोन-तीनदा फोन केला होता, सगळं ठीक आहे ना म्हणून. कंट्रोलताई दरवेळी "एक गाडी अडकलीय, नंतर बोलते" म्हणाली होती आणि तो नंतर कधी उजाडला नव्हता. आता नड आली तेव्हा कुठल्या तोंडाने विचारायचं?

"आई, अगं त्यांचं कामच ते आहे," लेक म्हणाली. "त्यांना काय वाटणार नाही. थांब, मी लिहून देते."

लेकीने लिहिलं. 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे माझ्या कारकिर्दीला नवी दिशा लाभली' इथून सुरुवात होती.

कंट्रोलताईने वाचलं. "हे वाचून त्या मला ओळखणारच नाहीत. त्यांना वाटेल कुठल्या मंत्र्याने पाठवलंय."

मग ती स्वतःच बसली. साइटवर आधी नातं निवडायचं होतं. साहेब होते का, हाताखाली होते का, एकाच टीममध्ये होते का, अशी यादी होती. 'हिने मला नोकरी लावली' असा पर्याय नव्हता. शेवटी 'वेगवेगळ्या कंपन्यांत होतो' त्यावर टिचकी मारून तिने लिहिलं:

'मॅडम, नमस्कार. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला थंड मालाच्या गाड्यांच्या कंपनीत डिस्पॅचला लावलंत. नंतर मी फोन केला नाही, त्याचं वाईट वाटतं. आता आमचं डिस्पॅच दुसरीकडे चाललंय आणि मी काम शोधतेय. माझ्यासाठी इथे दोन-चार ओळी लिहाल का? तुम्ही मला जेवढं पाहिलंत तेवढंच लिहा. मुलाखतीच्या वेळचं, आणि नंतर कंपनीकडून तुम्हाला काही कळलं असेल तर ते. जमणार नसेल तर तसं सांगा, मी मनाला लावून घेणार नाही. मलाही तुमच्याबद्दल लिहायचंय. तुम्ही लिहा किंवा नका लिहू, मी लिहीन.'

"शेवटचं वाक्य काढ," लेक म्हणाली. "न लिहिता मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला लिहील?"

"असू दे. सौदा वाटायला नको."

बरेच दिवस काही आलं नाही. ती रोज बघायची आणि रोज स्वतःलाच सांगायची की आज बघायचं नाही. मग एका दुपारी, गाड्यांची गर्दी ओसरली असताना, फोन वाजला. आवाज घोगरा होता, दिवसभर फोनवर बोलणाऱ्या माणसांचा असतो तसा. तिने लगेच ओळखला.

"तुमचा मेसेज वाचला होता. उशीर झाला, मीच घाईत होते," कन्सल्टंटबाई म्हणाल्या. "एजन्सी सोडली मी. आता स्वतःचंच सुरू केलंय. एक भाड्याचं टेबल आहे आणि मी आहे."

"मॅडम, मी तेव्हा फोन नाही केला…"

"कुणीच करत नाही हो. नोकरी लागली की आमचा नंबर विसरायचा असतो. डॉक्टरसारखं आहे ते. तुम्ही निदान कबूल तरी केलंत." बाई खोकल्या. "मी लिहिते. पण मी काही तुमचं काम जवळून पाहिलेलं नाही, तेव्हा नेतृत्व, दूरदृष्टी असलं काही लिहिणार नाही. चालेल?"

"तेच हवंय."

"आणि तुमचं लगेच लिहू नका. एकाच दिवशी दोघींचं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, तू माझी पाठ खाजव, मी तुझी. थोडे दिवस जाऊ द्या. पण लिहा नक्की. कंपन्यांनी लिहिलेलं आहे माझ्याकडे थोडं, उमेदवारांचं एकसुद्धा नाही. नवी गिऱ्हाइकं तेच आधी बघतात."

दोन दिवसांनी बाईंचं लिखाण आलं. ते अजून फक्त कंट्रोलताईलाच दिसत होतं. तिने 'प्रोफाइलवर घ्या' म्हटलं तरच लोकांना दिसणार होतं. जेवणं झाल्यावर लेकीने ते मोठ्याने वाचलं.

'या माझ्याकडे आल्या तेव्हा नऊ वर्षं घरी होत्या. सासूबाईंना पक्षाघात झाला होता आणि त्यांचं सगळं या एकट्या करत होत्या. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही आणि सजवलीही नाही. मुलाखतीत जे येत नव्हतं त्याला येत नाही म्हणाल्या. तेच थोड्या दिवसांत शिकून घेतलं, असं कंपनीने मला आपणहून कळवलं. मी लावलेली बरीच माणसं सोडून गेली, या टिकल्या. तशी जागा पुन्हा भरायची झाली तर मी पहिला फोन यांनाच करेन.'

लेकीने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

"शेवट छान आहे," लेक म्हणाली. "पण सुरुवातच नऊ वर्षांनी? आई, आपण बायोडेटात ते इतकं बारीक करून टाकलंय, आणि या थेट पाटी लावतायत."

नवरा बसल्या जागी चुळबुळला. "आपल्या घरातलं चारचौघांत कशाला? आणि एकट्या म्हणजे काय? मी होतो ना."

कंट्रोलताईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायला लागते तेवढी ताकदच त्या दिवशी उरली नव्हती.

"होतात," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

त्या नऊ वर्षांबद्दल ती सहसा बोलत नसे. सासूबाईंना कूस बदलून द्यायची, भरवायचं, पुसायचं, पुन्हा कूस बदलायची. नवरा डेपोतून यायचा, आईच्या उशाशी बसायचा, तिचा हात हातात घ्यायचा आणि मग उठून जायचा. प्रेम त्याचं खरं होतं. हात मात्र तिचे चालायचे. सासूबाई गेल्यावर तिला वाटलं होतं की आपण आता खूप झोपू. पण झोपेची सवयच मोडली होती, आणि अंगात एक जुना शिणवटा होता तो कुठल्याच झोपेने गेला नाही. नोकरी धरली तेव्हा कुठे तिला वाटलं की ते दिवस मागे पडले. आणि आता तेच दिवस तिच्या नावाखाली पहिल्या ओळीत येऊन बसले होते.

तिने साइटवरून बदल मागितला. 'मॅडम, फार मनापासून लिहिलंत. फक्त घरी असण्याच्या पहिल्या दोन ओळी काढता आल्या तर बरं.'

बाईंचा फोन आला. "काढते. माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. पण एक विचारते. कुठे मुलाखत आहे का इतक्यात?"

"या आठवड्यात एक आहे. किराणा मालाच्या वितरकाकडे."

"ती होऊन जाऊ दे. मग सांगाल तसं करू."

मुलाखतीत दोघे जण होते. एक टक्कल पडलेला, एक पेनाशी खेळणारा. पहिले दोन प्रश्न गाड्यांचे झाले. मग पेनवाल्याने बायोडेटावर बोट ठेवलं.

"इथे मध्ये मोठा खंड दिसतोय. नऊ वर्षं काय करत होता?"

तिने सांगितलं.

"म्हणजे काहीच नोकरी नाही? घरबसल्या एखादा कोर्स वगैरे?"

"वेळ नव्हता."

"नऊ वर्षांत?" टक्कलवाला हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. "आणि आता घरी कुणी आजारी नाही ना? म्हणजे पुन्हा असं काही…"

तिने पक्षाघात म्हणजे काय इथपासून सुरू केलं. सुरू केलं आणि तिला थांबता येईना. सासूबाईंचं बोलणं कसं गेलं, नर्स का परवडली नाही, सगळं. अनोळखी माणसांपुढे घरातले ओले कपडे एकेक करून वाळत घालावेत तसं ती बोलत राहिली. दोघं मान डोलावत होते. गाड्यांबद्दल मग कुणी काही विचारलं नाही. निघताना टक्कलवाला म्हणाला, "कळवतो आम्ही."

बाहेर येऊन ती बसथांब्यावर बसली. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिला दमायला कामाने झालं नव्हतं. तेच ते समजावून सांगण्याने झालं होतं. बायोडेटात खंड बारीक केला तरी तो दिसतच होता, आणि दिसला की विचारला जात होता, आणि विचारला की आपलं आपल्यालाच सगळं उभं करून दाखवावं लागत होतं, जणू काही आपण त्या काळात कुठे फरार होतो. बाईंनी दोन ओळींत जे सांगितलं होतं तेच सांगायला तिला आत्ता अर्धी मुलाखत लागली होती, आणि तरी ते रडगाणं वाटलं होतं. दुसऱ्याने सांगितलं की ती माहिती होती. आपण सांगितलं की ती सबब होत होती.

तिने घरची बस पकडली नाही. ती बाईंच्या टेबलाकडे गेली.

ते ऑफिस एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. लांबच लांब खोली, भाड्याने दिलेली टेबलं, कोपऱ्यात चहाचं यंत्र, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात फोनवर बोलतोय. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. तीन वर्षांत केस बरेच पिकले होते. डोळ्यांत थेंब टाकून, मान मागे करून त्यांनी डोळे मिटले होते, त्यामुळे कंट्रोलताई समोर येऊन उभी राहिली तरी त्यांना कळलं नाही.

"मॅडम."

"बसा. डोळे उघडले की दिसाल." थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. "विचारलं ना?"

"विचारलं."

"विचारतातच. मी तुमच्या आधी आणि नंतर अशा कितीतरी जणी पाठवल्यात. खंड लपवलेली बाई मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत पकडली जाते आणि मग उरलेला वेळ माफी मागत बसते. म्हणून मी वर लिहिलं. पण आयुष्य तुमचं आहे. काढा म्हणालात तर आत्ता काढते."

"नका काढू. राहू दे." कंट्रोलताईने फोन काढला. बदल मागितल्यामुळे लिखाण बाईंकडे परत गेलं होतं. बाईंनी ते होतं तसंच पुन्हा पाठवलं, आणि तिने तिथे बसल्या बसल्या ते प्रोफाइलवर घेतलं. काही वाजलं नाही, काही झालं नाही. स्क्रीनवर आठ-दहा ओळी दिसायला लागल्या, एवढंच.

"आता माझं एक आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा अवघडला.

कंट्रोलताईने मधल्या काळात आपला शब्द पाळला होता. बाईंबद्दल लिहिणं तिला स्वतःबद्दल लिहिण्यापेक्षा सोपं गेलं होतं. पहिल्या भेटीचंच लिहिलं होतं तिने. इतर एजन्सीवाले नोकरीचं नुसतं गुणगान करत होते. या बाईंनी मात्र समोर बसवून सांगितलं होतं की पाळ्या वाईट आहेत, खुर्ची मोडकी आहे, ड्रायव्हर फोनवर शिव्या देतात आणि आधीच्या दोघी सोडून गेल्यात, तरी जायचंय का? त्यावर आपल्याला हसू आलं होतं, असं तिने लिहिलं होतं. कितीतरी वर्षांनी आलेलं. फोनवरच्या शिव्या ऐकत खुर्चीत बसायचं म्हणजे तेव्हा तिला विश्रांतीच वाटली होती.

बाईंनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे मी परत परत वाचलं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी लिहिलं नाही. पण मी हे लावू शकत नाही."

"चुकीचं आहे का काही?"

"शब्द न् शब्द खरा आहे, तीच पंचाईत. अहो, मला पैसे कंपनी देते, उमेदवार देत नाही. उद्या एखाद्या कंपनीने हे वाचलं तर म्हणेल, ही बाई आमची खुर्ची मोडकी आहे म्हणून लोकांना सांगत फिरणार. आधीच नवीन दुकान आहे माझं. एकच गिऱ्हाईक धड आहे, तेही फोन उचलत नाही."

कंट्रोलताईला वाईट वाटलं. जे तिला सगळ्यात मोलाचं वाटलं होतं तेच नेमकं बाईंना अडचणीचं होतं. मग तिच्या ध्यानात आलं की बाईंनी लिहिलेलं पहिल्यांदा वाचताना आपलंही हेच झालं होतं, आणि तिला जरा हसू आलं.

"काय झालं?"

"काही नाही. द्या इकडे."

खुर्ची पुढे ओढून ती लिहायला बसली. गाडीला उशीर होणार हे गिऱ्हाइकाला कसं कळवायचं, हे ती रोज करत होती. खोटं बोलायचं नाही, पण कुठलं वाक्य आधी आणि कुठलं नंतर, याला महत्त्व असतं. तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि लॅपटॉप परत वळवला.

'यांनी मला नोकरीच्या चांगल्या बाजूबरोबर अवघड बाजूही आधीच सांगितली. त्यामुळे रुजू झाल्यावर मला धक्का बसला नाही. आधीची माणसं लवकर सोडून गेली होती, मी तीन वर्षं राहिले. योग्य माणूस पाठवणं म्हणजे काय ते यांना कळतं.'

बाईंनी सावकाश वाचलं. "हे कंपन्यांना आवडेल. माणसं टिकावीत हीच तर रड असते त्यांची."

"म्हणूनच लिहिलं."

"खुर्ची गेली."

"गेली. शिव्या ठेवू का?"

"शिव्याही जाऊ द्या." बाई हसल्या आणि हसताना पुन्हा खोकल्या. "तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? पहिलं जास्त चांगलं होतं."

"होतं," कंट्रोलताई म्हणाली. "पण ते आपल्या दोघींसाठी ठीक."

चहाच्या यंत्रातला चहा पाणचट होता. दोघींनी तो शेवटपर्यंत प्यायला, कारण उठायचं दोघींच्याही जिवावर आलं होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की शिफारस आहे तशीच ठेवली. तो खुर्चीत पाठ टेकून बसला होता, उशी कंबरेखाली.

"ते 'एकट्या' पण?"

"ते पण."

त्याने उशी सारखी केली. "बाईंनी बघितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं," तो म्हणाला. "मला घरात राहून…" पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं. तिनेही ते पुरं करायला लावलं नाही. त्या दिवशी भांडी त्याने घासली. पाठ धरून घासली, आणि तिने अडवलं नाही.

वितरकाकडून काही कळवलं गेलं नाही. नंतर एका तपासणी प्रयोगशाळेचं बोलावणं आलं. गावोगावचे रक्ताचे नमुने गोळा करून आणणाऱ्या त्यांच्या लहान गाड्या होत्या, आणि त्या सोडायला माणूस हवा होता. मुलाखत घेणारी कामकाजाची प्रमुख बाई होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर प्रोफाइलचा छापलेला कागद. कंट्रोलताईने मनातल्या मनात पक्षाघातापासूनची तयारी केली होती. वाक्यं जुळवून ठेवली होती.

प्रमुख बाईने कागदावरून बोट फिरवलं. "हे घरच्या वर्षांचं मी वाचलंय. ते तुम्हाला पुन्हा सांगायची गरज नाही." कागद बाजूला सरकवला. "मला हे सांगा. गाडीतला बर्फ वितळायला लागलाय आणि ड्रायव्हर फोन उचलत नाहीये. काय कराल?"

प्रश्न अवघड नव्हता. कंट्रोलताईला फक्त कळत नव्हतं की घरच्या वर्षांचं एवढ्यात कसं संपलं. मग तिने विचारलं, "गाडी चालती दिसतेय की थांबलेली?" आणि तिथून पुढे बोलणं गाड्यांवर गेलं ते गाड्यांवरच राहिलं. रस्ता, बर्फ, जवळचं दुसरं संकलन केंद्र, नमुना बाद झाला तर रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते ते कुणी आणि कसं कळवायचं. मध्ये एकदा तर दोघींचा वाद झाला, आणि प्रमुख बाई म्हणाली, "हं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं."

नंतर कन्सल्टंटबाईंनी सांगितलं की प्रयोगशाळेतून त्यांना फोन आला होता. "लिहिलंय ते खरं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आहे त्यापेक्षा कमीच लिहिलंय."

नोकरी लागली. फार मोठी नाही. वर्षभराच्या कराराची, पहाटेची आणि दुपारची अशा दोन पाळ्यांची, आणि घरापासून आधीपेक्षा लांब. कायम करतील का, ते वर्षानंतर बघू, असं सांगितलं होतं. बाईंनी ही जागा लावलेली नव्हती, त्यामुळे त्यांना त्यातून काही मिळालं नाही. त्यांच्या प्रोफाइलवर मात्र कंट्रोलताईच्या ओळी सगळ्यात वर होत्या, आणि एका दवाखान्याने 'तुमची माणसं टिकतात असं वाचलं' म्हणून त्यांना एक जागा भरायला दिली. एकच. पण बाई म्हणाल्या की एकीवरून दुसरी येते, नाहीतर मग टेबल सोडून घरूनच काम करायचं.

जुन्या कंपनीतल्या शेवटच्या दिवशी गोदामवाला आपलं प्रोफाइल घेऊन कंट्रोलताईकडे आला. त्यालाही कुणाचे तरी चार शब्द हवे होते. तिने त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "मी तुला जे करताना पाहिलंय तेवढंच लिहीन, चालेल?" तो म्हणाला चालेल. ती लिहायला बसली, काचेपलीकडे शेवटच्या गाड्या दाराशी लागत होत्या.

नव्या जागेवरचा पहिला आठवडा दमवणारा गेला. नवी माणसं, नवे रस्ते, नवा हेडसेट, आणि तोही कानाला रुतणारा. रविवारी ती दुपारी जरा पडते म्हणून आडवी झाली. लेकीने दार ओढून घेतलं, नवऱ्याने रेडिओ बंद केला. ती उठली तेव्हा बाहेर दिवे लागले होते, आणि तिला उठवावं असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं.